तान्ह्याच्या पोटाला ओव्याचा शेक

तान्हं बाळ पोट कडक करून रडू लागलं, की घरात ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापते. मुख्य धोका ओव्यात नाही, उष्णतेत आहे. बाळाची त्वचा पातळ असते. आपल्या तळहाताला कोमट वाटणारी पुरचुंडीही तिला भाजू शकते. द्यायचाच असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला जेमतेम ऊब जाणवेल इतकाच शेक कपड्यावरून द्यावा, आणि पुरचुंडी पाळण्यात ठेवू नये. गाठ सुटून दाणे श्वासनलिकेत जाऊ शकतात. ग्राइप वॉटर मात्र नकोच: सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. पाय सायकलसारखे हलवणं सुरक्षित, पण दूध पाजल्यावर लगेच नको. हिरवी उलटी, ताप किंवा शौचात रक्त दिसलं तर तडक डॉक्टरांकडे जा.