भिंगाचा कोन आणि गोलघुमटाची रुंदी

विजापूरचा गोलघुमट, म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर, पायथ्याशी सुमारे ४७.५ मीटर रुंद असून त्याची उंची ५१ मीटरांच्या आसपास भरते. तेव्हा समोर ४० मीटरांवर उभे राहून ही इमारत एका छायाचित्रात मावेल काय आणि मावावयाची असल्यास कोणते भिंग बरोबर न्यावे, या प्रश्नाचे उत्तर तेथे जाऊन अजमावण्याऐवजी घरी बसल्या बसल्या कागदावर काढता येते. त्यासाठी कॅमेऱ्याविषयीच्या दोनच गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : भिंगाचे नाभीय अंतर आणि ज्या सेन्सरवर प्रतिमा उमटते त्याची रुंदी. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर स्पष्ट उमटते, ते त्याचे नाभीय अंतर होय.

भिंगाच्या मध्यबिंदूपासून सेन्सरच्या मध्यबिंदूपर्यंत एक रेषा ओढली, तर तिची लांबी नाभीय अंतराइतकी होईल. त्याच भिंगमध्यापासून दुसरी रेषा सेन्सरच्या डाव्या कडेपर्यंत नेली, की या दोन रेषा आणि सेन्सरची अर्धी रुंदी मिळून एक काटकोन त्रिकोण तयार होतो. भिंगापाशी होणारा त्याचा कोन हाच आपल्याला हवा आहे. त्या कोनाची समोरची बाजू अर्धी रुंदी, लगतची बाजू नाभीय अंतर, आणि समोरच्या बाजूस लगतच्या बाजूने भागले असता जे गुणोत्तर येते ते त्या कोनाची स्पर्शज्या, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला ‘टॅन’. उजव्या कडेकडेही असाच एक त्रिकोण असल्यामुळे मिळालेला कोन दुप्पट करावयाचा, इतकाच या हिशेबाचा विस्तार आहे :

θ = 2 × arctan(w ÷ 2f)

येथे `w` ही सेन्सरची रुंदी व `f` हे नाभीय अंतर, दोन्ही मिलिमीटरांत. रुंदी अर्धी न करता संपूर्ण घेतली आणि कोन दुप्पट केला नाही, तर उत्तर थोडेसे चुकते व म्हणूनच फसवे ठरते. कारण त्रिकोण काटकोनी होण्यासाठी मध्यरेषेचा आधार लागतो, आणि तो अर्ध्या रुंदीलाच लाभतो.

ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात त्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर आणि उंची २४ मिलिमीटर. हे माप ओस्कार बार्नाक याने चलच्चित्राच्या फितीवरील १८ गुणिले २४ ची चौकट दुप्पट करून सिद्ध केले, आणि १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ते रूढ केले. त्यावर ५० मिलिमीटरांचे भिंग लावल्यास गुणोत्तर १८ भागिले ५०, म्हणजे ०.३६ येते, ज्याची स्पर्शज्या ०.३६ आहे तो कोन १९.८ अंशांचा, म्हणून एकंदर दृश्यकोन ३९.६ अंश. गणकयंत्राने १९.८ ऐवजी ०.३४६ असे उत्तर दिले, तर ते अंशांत नसून रेडियनमध्ये आहे, इतके ओळखावे. भिंगाच्या माहितीपत्रकात मात्र ५० मिलिमीटरांपुढे बहुधा ४६ किंवा ४७ अंश नमूद केलेले असतात. तो कर्णावर मोजलेला कोन असल्याने आपला हिशेब चुकला, असे समजू नये.

नाभीय अंतर अर्धे केले की कोन दुप्पट होतो, असा समज मात्र सर्रास आढळतो. २०० व १०० मिलिमीटरांच्या भिंगांचे कोन अनुक्रमे १०.३ व २०.४ अंश असल्यामुळे येथे तो जवळजवळ खरा ठरतो, कारण लहान कोनांची स्पर्शज्या कोनाच्या प्रमाणात वाढते. परंतु ३६ मिलिमीटरांच्या भिंगाचा कोन ५३ अंश, तर १८ मिलिमीटरांच्या भिंगाचा नेमका ९० अंश आहे, १०६ नव्हे. कोन मोठा होत जातो तसतशी स्पर्शज्या त्याच्याहून वेगाने धावू लागते, आणि ९० अंशांपाशी ती अनंतास पोहोचते. म्हणूनच सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या कोणत्याही भिंगास १८० अंशांचे दृश्य कधीही दाखविता येणार नाही.

आता गोलघुमटाकडे वळू. अर्धी रुंदी २३.७५ मीटर आणि अंतर ४० मीटर, म्हणून आवश्यक स्पर्शज्या ०.५९४ आणि पूर्ण कोन सुमारे ६१ अंश. सेन्सरच्या बाजूने पाहता १८ भागिले ०.५९४ म्हणजे ३०.३ मिलिमीटर, याहून आखूड भिंग हवे, आणि बाजारात सहज मिळणारे २८ मिलिमीटरांचे भिंग ४० मीटरांवर ५१.४ मीटर रुंदी दाखवीत असल्यामुळे ते पुरेसे होईल. २३.५ मिलिमीटर रुंदीच्या लहान सेन्सरवर मात्र हाच हिशेब १९.८ मिलिमीटर मागतो, म्हणजे तेथे १८ मिलिमीटरांचे भिंग घ्यावे लागेल.

रुंदीचा प्रश्न सुटला, तरी उंचीचा उरतोच. कॅमेरा उभा धरून क्षितिजाशी समांतर ठेवला, तर २८ मिलिमीटरांचे भिंग ४० मीटरांवर अक्षाच्या वर २५.७ मीटरच पाहते, आणि डोळ्याची दीड मीटर उंची मिळवूनही घुमट चौकटीबाहेर राहतो. कॅमेरा वर कलविल्यास तो चौकटीत येईल, पण भिंत सेन्सरला समांतर न राहिल्याने मिनार एकमेकांकडे झुकलेले दिसतील, आणि मीटरांचा आपला साधा हिशेबही तेथे लागू पडणार नाही. ८० मीटरांवर मागे सरकल्यास मात्र समांतर कॅमेऱ्यातही सुमारे ५३ मीटर उंचीपर्यंतचे दृश्य मावते. समोर नगारखान्याची इमारत असल्याने तितकी मोकळी जागा कोठे मिळेल, हे आधी पाहून ठेवावे.

चूक बहुधा सूत्रात नसते, ती त्यात घातलेल्या मापात असते. ‘एक इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सेन्सरची रुंदी २५.४ नव्हे, अवघी १३.२ मिलिमीटर असते, कारण ते नाव जुन्या व्हिडिओ-नलिकांच्या बाह्य व्यासावरून चालत आले आहे. ८.८ मिलिमीटरांच्या भिंगाबरोबर खरी रुंदी धरली तर ७३.७ अंश येतात. नावाला भुलून २५.४ धरले, तर ११०.६. शिवाय चलच्चित्रण करताना काही कॅमेरे सेन्सरचा मधलाच भाग वापरतात. त्या वेळी त्या भागाचीच रुंदी घ्यावी.

सूत्राच्या दोन मर्यादाही ध्यानात असाव्यात. मत्स्यनेत्री, म्हणजे ‘फिशआय’ भिंगे सरळ रेषा मुद्दाम वाकवितात, म्हणून १६ मिलिमीटरांच्या अशा भिंगाचा कर्णावरचा कोन १८० अंश असू शकतो, जेथे स्पर्शज्येचे सूत्र १०७ वरच थांबते. दुसरी मर्यादा जवळच्या वस्तूंची : प्रतिमा वस्तूइतकीच मोठी घ्यावयाची झाल्यास ५० मिलिमीटरांचे साधे भिंग सेन्सरपासून १०० मिलिमीटर दूर न्यावे लागते, आणि कोन ३९.६ वरून २०.४ अंशांवर येतो. गोलघुमटाच्या अंतरावर हा फरक नगण्य आहे.

पडताळा घेण्यास टेप पुरे. कॅमेरा भिंतीपासून ४ मीटरांवर तिला समांतर ठेवावा आणि चित्राच्या दोन्ही कडांवर भिंतीचे कोणते बिंदू येतात ते खुणावून त्यांतील अंतर मोजावे. फुल फ्रेम व ५० मिलिमीटर असल्यास ते २.८८ मीटरांच्या जवळपास, स्पष्टतेसाठी भिंग पुढे सरकते म्हणून किंचित कमीच, भरेल. १.८८ च्या आसपास भरले, तर कॅमेऱ्यात लहान सेन्सर आहे किंवा मोठ्या सेन्सरचा मधलाच भाग चालू आहे. आणि मध्यापासून सारख्या अंतरावरच्या खुणा कडेकडे जाताना एकमेकींजवळ येऊ लागल्या, तर रेषा वाकविणारे भिंग हाती आहे, असे जाणून स्पर्शज्येचा हिशेब तेथे लावू नये.