टीव्हीचं घड्याळ मागे पडलं की

लाईट जाऊन येते, टीव्ही सुरू होतो आणि सिनेमा लावावा तर पडद्यावर 'नेटवर्क एरर'. घरातले फोन मात्र त्याच वाय-फायवर सुरळीत चाललेले. मग राउटर बंद-चालू करणं, पासवर्ड पुन्हा टाकणं हे ओघानं आलंच.

आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करून पाहा. वाय-फाय ढेपाळलं की फोन गुपचूप सिमच्या इंटरनेटवर जातो आणि आपल्याला वाटतं, वाय-फाय ठणठणीत आहे. डेटा बंद करूनही फोन चालला, तर टीव्हीची सेटिंग्ज उघडा. वाय-फाय जोडलेलं दिसतंय, पण अ‍ॅप उघडत नाही? मग तारीख बघा. तिथे २०१५ सालचा जानेवारी दिसला, तर चोर सापडला.

तारखेचा आणि इंटरनेटचा संबंध असा. अ‍ॅप आपल्या सर्व्हरला गाठतं तेव्हा सर्व्हर आधी ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो. ते कधीपासून कधीपर्यंत चालेल, हे त्यावरच नोंदलेलं असतं. काही प्रमाणपत्रांची मुदत तर जेमतेम ९० दिवसांची. टीव्ही ही मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. त्याच्या लेखी अजून २०१५ चालू असेल, तर यंदाचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. तो जोडणी तोडतो. खरं कारण सांगायचं सोडून पडद्यावर 'नेटवर्क एरर' लिहितो, हा मात्र बनवणाऱ्यांचा आळस.

फोनला बॅटरी असते, शिवाय मोबाइल टॉवरकडूनही वेळ मिळते. बऱ्याच टीव्हींना वीज गेल्यावर वेळ लक्षात राहत नाही. सुरू झाल्यावर ते इंटरनेटवरच्या वेळ-सर्व्हरला विचारतात. ही विचारणा १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. राउटरनं किंवा इंटरनेट देणाऱ्यानं ते अडवलं, तर बाकी सगळं चालतं आणि टीव्ही जुन्याच तारखेत अडकून राहतो.

अँड्रॉइड टीव्हीत Date & time मध्ये जाऊन आपोआप वेळ घेण्याचा पर्याय बंद करा, तारीख-वेळ हातानं भरा आणि टीव्ही पुन्हा सुरू करा. किंवा थोडा वेळ फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. तिथे घड्याळ आपोआप लागलं, तर दोष घरच्या राउटरकडे किंवा त्याच्या लाइनकडे आहे. दर वेळी लाईट गेल्यावर हेच होत असेल, तर इंटरनेटवाल्याला नुसतं 'टीव्ही चालत नाही' सांगू नका. 'वेळ-सर्व्हरचं पोर्ट अडतंय का' असं विचारा.

तारीख बरोबर असूनही जुना टीव्ही अडला, तर आतली विश्वासू संस्थांची यादी शिळी झालेली असू शकते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'लेट्स एन्क्रिप्ट'ची प्रमाणपत्रं ज्यावर टेकली होती, ते एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि अनेक जुनी उपकरणं अडली. अशा वेळी सॉफ्टवेअर अपडेट मिळालं तर ठीक. नाहीतर एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्यावी. पडदा चांगला असताना नवा टीव्ही कशाला?