काकांभोवतीची पांढरी कड

काकांच्या साठीच्या कार्यक्रमासाठी स्लाइड्स करायचं काम माझ्याकडे आलं. काकांचा एक झकास फोटो होता. घरातल्या पांढऱ्या भिंतीपुढे उभे, दाट काळे केस, मिशीला पीळ. मोबाइलवर बोटाने कडेकडेने फिरत भिंत खोडली आणि काका तेवढे गडद किरमिजी स्लाइडवर नेऊन ठेवले. मोबाइलच्या पडद्यावर छान दिसत होतं. हॉलमध्ये प्रोजेक्टर लागला आणि काकांच्या डोक्याभोवती पांढरी रेघ उमटली. "हे काय, दादा पिठाच्या गिरणीतून आलाय का?" आत्याने पहिल्या रांगेतून विचारलं.

भिंत तर मी खोडली होती. मग ही पांढरी रेघ आली कुठून?

फोटो म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलपाशी तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यामधला. या तिघांत 'इथे काहीच नाही' हे सांगायची सोय नाही. तिन्ही शून्य केले तर काळा रंग होतो, तिन्ही २५५ केले तर पांढरा. त्यासाठी चौथा आकडा लागतो, तो म्हणजे अल्फा. अल्फा शून्य असेल तर तो पिक्सेल काचेसारखा आरपार, पूर्ण असेल तर ठाम. मधला कुठलाही आकडा असेल तर त्या प्रमाणात मागचं दिसतं. सगळ्या पिक्सेलचे हे चौथे आकडे मिळून अल्फा चॅनल होतो.

ही कल्पना १९७७-७८च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी मांडली. दोघेही पुढे पिक्सारच्या संस्थापकांत होते. दोन चित्रं एकमेकांत मिसळण्याच्या सूत्रात प्रमाणासाठी अल्फा हे ग्रीक अक्षर वापरत, तेच नाव चॅनलला मिळालं. सूत्र अगदी घरगुती आहे: वरच्या चित्राचा रंग अल्फाइतका घ्या, उरलेला वाटा खालच्या चित्राचा घ्या, बेरीज करा.

आता काकांच्या केसांपाशी जाऊ. सोयीसाठी तीन रंग बाजूला ठेवून उजेडाचा एकच आकडा धरू. केसांचा उजेड ४०, भिंतीचा २४०, किरमिजी स्लाइडचा २०. केसांची कड पिक्सेलच्या चौकटी पाहून थांबत नाही. कडेवरच्या एखाद्या पिक्सेलचा अर्धा भाग केसांनी व्यापलेला असतो, अर्ध्यात भिंत असते. कॅमेरा दोघांची सरासरी नोंदवतो: १४०. म्हणजे तो पिक्सेल ना केसांचा, ना भिंतीचा.

भिंत खोडताना माझ्या ॲपने या पिक्सेलला अल्फा अर्धा दिला. ते बरोबरच होतं, कारण अर्धाच भाग केसांचा होता. पण रंग मात्र १४०च ठेवला. तो स्लाइडवर बसला तेव्हा १४०चे अर्धे ७० आणि स्लाइडच्या २०चे अर्धे १०, एकूण ८० झाले. व्हायला हवे होते केसांच्या ४०चे अर्धे २० आणि स्लाइडचे १०, म्हणजे ३०. ८० आणि ३० यांतला फरक म्हणजेच आत्याला दिसलेलं पीठ. भिंत खोडली गेली होती, पण कडेच्या पिक्सेलांत तिचा रंग मुरलेला राहिला होता. हाच फोटो पांढऱ्या स्लाइडवर ठेवला असता तर कड पांढऱ्यातच विरून गेली असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणून कातरलेलं चित्र कधीही पांढऱ्यावर तपासू नये. त्याच्याखाली एकदा काळा आणि एकदा भडक हिरवा थर घालून, चांगलं मोठं करून कड पाहावी.

दोष कळला की उपायही सुचतात. सदऱ्याच्या खांद्यासारखी सरळ कड असेल तर निवड एक पिक्सेल आत ओढायची. जिंप या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आधी `Layer > Transparency > Add Alpha Channel` करावं. ते विसरलं तर खोडलेल्या जागी आरपार होण्याऐवजी पार्श्वभूमीचा रंग भरला जातो. मग काकांची निवड करून `Select > Shrink` मध्ये १ द्यावा, `Select > Invert` करावं आणि Delete दाबावं. मिश्र पिक्सेल निघून जातात आणि नवी कड निखळ सदऱ्याच्या रंगातून जाते.

केसांना ही युक्ती चालत नाही, कारण सुटी बट मुळातच एक-दोन पिक्सेल जाड असते. आत ओढली की बटच गायब. तिथे कडेच्या पिक्सेलातला भिंतीचा रंग काढून आतला रंग भरावा लागतो. फोटोशॉपमध्ये `Select and Mask` च्या खिडकीत `Decontaminate Colors` नावाची खूण आहे, ती हेच करते. १४०च्या जागी ४०च्या जवळपासचा रंग येतो, अल्फाला धक्का लागत नाही.

पॉवरपॉइंटमधल्या `Set Transparent Color` कडून मात्र ही अपेक्षा ठेवू नये. ते बोट दाखवलेला एकच रंग पूर्ण आरपार करतं, अर्धवट काही जाणत नाही. त्यामुळे कडेचे मिश्र पिक्सेल जसेच्या तसे राहतात. वर, पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या बोधचिन्हात आतली अक्षरंही पांढरी असली तर त्यांनाही भोकं पडतात.

एवढं करून चित्र साठवताना चूक झाली तर मेहनत पाण्यात. जेपीजीमध्ये अल्फाला जागाच नाही. त्यात साठवलं की मोकळ्या जागी बहुधा पांढरं भरून येतं. पीएनजी किंवा वेबपी वापरावं. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, नाहीतर वाटेतच त्याची जेपीजी होते. आणि नेटवरून उतरवलेल्या चित्रामागे राखाडी-पांढरे चौकोन दिसले म्हणून हुरळू नये. ते चौकोन प्रोग्रॅमने आरपार जागा दाखवण्यासाठी काढलेले असतात, पण कित्येकदा चित्रातच रंगवलेले निघतात. स्लाइडवर टाकून पाहिलं की लगेच कळतं.

स्टिकरचा मामला उलटा आहे. व्हॉट्सॲपचा स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा, वेबपी आणि आरपार पार्श्वभूमीचा लागतो. चॅटची पार्श्वभूमी कुणाची काळी, कुणाची फुलांची. म्हणून आकृतीभोवती आठ पिक्सेलची पांढरी रेघ काढावी, अशी व्हॉट्सॲपचीच शिफारस आहे. म्हणजे जी कड स्लाइडवर डाग वाटते, ती स्टिकरवर ठळक किनार होऊन जाते. काकांचा तोच बिघडलेला फोटो मी अशी जाड किनार देऊन स्टिकर केला. भिंतीचा मुरलेला पांढरा त्या किनारीत मिसळून गेला. आता घरच्या ग्रुपवर तो स्टिकर आत्याच सगळ्यात जास्त पाठवते.

मात्र फोटो अजून काढायचाच असेल तर एक करा: स्लाइड गडद असणार हे ठाऊक असेल, तर माणसाला पांढऱ्या भिंतीपुढे उभं करू नका. घरातला एखादा गडद पडदा शोधा. केस आणि पडदा यांत फरक कळेल एवढाच तो वेगळा असू द्या. कडेत जो रंग मुरायचा तो मुरेलच, पण तो स्लाइडच्या रंगात खपून जाईल.