कडेच्या धूसर पट्ट्यांचं दशक

चौकट भरण्याचा प्रश्न मोबाइलच्या आधीचा आहे. टीव्हीचा पडदा 4:3 वरून 16:9 झाला, तेव्हा जुनं चित्रण दाखवताना दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरायच्या. त्या झाकायला काही संकलक तेच दृश्य मोठं करून, धूसर करून मागे लावत. मूळ चित्र पडद्याची तीन चतुर्थांश रुंदी व्यापत असल्यामुळे कडेला काय आहे, याकडे कुणाचं लक्ष जात नसे.

2010 नंतर बातम्यांमध्ये लोकांनी फोनवर टिपलेले व्हिडिओ सर्रास येऊ लागले आणि हे प्रमाण उलटलं. 1080 बाय 1920 चा उभा व्हिडिओ 1920 बाय 1080 च्या चौकटीत पूर्ण बसवायचा, तर तो 56.25 टक्क्यांवर आणावा लागतो. मग त्याची रुंदी साधारण 608 पिक्सेल उरते, म्हणजे पडद्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग. उरलेले दोन तृतीयांश धूसर प्रतीचे. मागची ही प्रत पूर्ण रुंदी भरण्यासाठी 178 टक्क्यांवर न्यावी लागते. समोरच्या चित्राच्या तुलनेत ती तिपटीहून मोठी होते आणि मूळ दृश्याचा फक्त मधला एक तृतीयांश पट्टा तिच्यात मावतो. या युक्तीचे बहुतेक दोष इथूनच निघतात.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात लोकांच्या फोनमधली अशी दृश्यं बुलेटिनभर दिसत होती. त्या धर्तीचा एक व्हिडिओ डोळ्यांसमोर आणा. कुणीतरी गच्चीवरून रस्ता टिपला आहे. वर आभाळ, मधे इमारती, खाली पाण्यातून जाणारी बोट. बोट तळाशी आहे तोवर कडेला इमारतींचा नुसता करडा रंग दिसतो आणि नजर मधल्या चित्रावर राहते. बोट चौकटीच्या मध्यावर आली, की तिची तिप्पट सावली त्याच क्षणी मागून सरकते. टिपणाऱ्याचा हात थरथरला आणि समोरचं चित्र आठ पिक्सेल हललं, तर मागचं पंचवीस पिक्सेल हलतं. पाहणाऱ्याला गरगरतं, आणि का ते त्याला सांगता येत नाही.

यावर मला सर्वांत पटलेला उपाय साधा आहे. मागच्या प्रतीतली एकच चौकट गोठवायची, किंवा ती प्रत खाली सरकवून आभाळाचा भाग दिसेल असं करायचं. मग ती काळसर करायची आणि रंग उतरवायचे. ब्लर किती हवा, याची माझी कसोटी अशी: मधला व्हिडिओ बंद करून फक्त मागचा थर पाहायचा. त्यात माणूस, गाडी किंवा पाटी ओळखू येत असेल, तर ब्लर कमी आहे. तो वाढवताना पडद्याच्या कडांना काळी झाक आली, तर ब्लर चौकटीबाहेरची रिकामी जागा आत ओढत असतो. प्रत थोडी आणखी मोठी केली, की ती झाक जाते.

एक चूक मात्र गंभीर असते. पीडिताचा किंवा लहान मुलाचा चेहरा झाकायचा असतो. संकलक वरच्या थरावर मास्क लावतो आणि खालची प्रत मूळ फाइलमधूनच घेतलेली राहते. समोर चेहरा झाकलेला, मागे तोच तिप्पट मोठा आणि ब्लर हलका असेल तर ओळखू येण्याजोगा. त्यामुळे आधी मास्क लावून ती क्लिप पक्की करायची आणि दोन्ही थर तिच्यातूनच काढायचे. घाईच्या बुलेटिनमध्येही हा क्रम सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

दरम्यान पाहण्याचा पडदाच बदलत गेला. 2015 मध्ये यूट्यूबच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये उभा व्हिडिओ पूर्ण पडद्यावर दिसू लागला. 2020 मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ इन्स्टाग्राम रील्स आणि यूट्यूब शॉर्ट्स आले, आणि उभी चौकट हीच फोनवरची नेहमीची चौकट झाली. मग वाहिन्यांनी आडवी केलेली दृश्यं परत उभ्या चौकटीत जाऊ लागली, आता वर-खाली धूसर पट्ट्या लावून. अशा दुहेरी प्रवासात मूळ चित्र 342 बाय 608 एवढंच उरतं, म्हणजे फोनच्या पडद्याचा एक दशांश. चारही बाजूंना धुरळा आणि मधे तिकिटाएवढी बोट.

पट्ट्या लावलेला आडवा व्हिडिओ हाती आला, तर त्याला आणखी एक धूसर थर लावू नये. आडव्या फाइलमधून मधला भाग `crop=608:1080:656:0` असा कापून घेतला, की उभं चित्र परत मिळतं. अर्थात पुन्हा मोठं केल्यावर ते मूळ फाइलइतकं रेखीव राहत नाही, आणि त्यावर बातमीची पट्टी छापलेली असेल तर ती निघत नाही. महापुराच्या कितीतरी दृश्यांच्या आज फक्त पट्ट्यांसकटच्या प्रती फिरतात. फोनमधून आलेली उभी फाइल वेगळी जपून ठेवली असेल, तरच त्या रस्त्यावरचं पाणी पुन्हा पूर्ण दाखवता येतं.