रानभाजी महोत्सवाचा स्टॉल: बोर्ड आणि टोकन

ऑगस्टमधल्या रानभाजी महोत्सवात भाजी-भाकरीचा स्टॉल लावणार असाल, तर आधी तव्याचा हिशोब करा. एका भाकरीला 3 मिनिटं धरली तर दोन तव्यांवर तासाला 40 भाकऱ्या होतात. ताटात दोन दिल्या तर 20 ताटं. मग तासाला टोकनंही 20च फाडायची. जास्त फाडली तर रांग कमी होत नाही, ती फक्त वाढपाकडे सरकते, आणि तिथे उभी असतात पैसे देऊन बसलेली माणसं!

"जादा भाकरी" बोर्डावर लिहूच नका. दोन जादा भाकऱ्या गेल्या की मागच्याचं एक ताट गेलं. जोडीला तव्याशी संबंध नसलेलं ठेवा. आपल्या बहाडोलीच्या जांभळाचं बाटलीतलं सरबत किंवा चिकू चिप्सची पुडी लगेच हातात देता येते.

बोर्डावर सरबतासह ताट वर लिहा, समजा 100 रुपये, आणि नुसतं ताट 80 त्याच्या खाली. टोकनवाल्याने पैसे घेण्याआधीच विचारायचं, "सरबत देऊ ना?" त्या ताटाचं टोकन वेगळ्या रंगाचं ठेवा, म्हणजे वाढणाऱ्याला विचारावं लागत नाही.

बोर्ड टेबलाच्या आठ-दहा पावलं अलीकडे लावा. लोक टेबलाशी येऊन "काय काय आहे?" विचारत असतील तर बोर्डाची जागा चुकली. कर्टोली संपली की लगेच खोडा.