बार्शी रोड कुठे गेलं?

सोलापूरहून वाडीकडे जाणारी गाडी अक्कलकोट रोडला थांबते. स्वामींच्या दर्शनाला पहिल्यांदाच आलेला माणूस पिशवी सावरत खाली उतरतो आणि इकडेतिकडे पाहतो, तर गाव कुठेच दिसत नाही. अक्कलकोट तिथून दहा-बारा किलोमीटर आत आहे. स्थानकाच्या पिवळ्या पाटीने ते आधीच सांगितलेलं असतं, फक्त ते ‘रोड’ या शब्दात सांगितलेलं असतं आणि तो शब्द आपण सहसा वाचून सोडून देतो.

स्थानकाच्या नावामागे लागणारे रोड, जंक्शन, टर्मिनस, कॅन्टोन्मेंट हे शब्द शोभेचे नाहीत. लोहमार्ग आणि गाव यांचं नातं काय, हे रेल्वेने त्यात एका शब्दात लिहून ठेवलं आहे. त्यातला सर्वांत बोलका शब्द ‘रोड’. त्याचा साधा अर्थ असा की गाडी अमुक गावात जात नाही, पण त्या गावाला जाणारा रस्ता इथून फुटतो.

एकोणिसाव्या शतकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे इंजिनियर मार्ग आखत होते तेव्हा त्यांच्यासमोर गावं कमी आणि चढ-उतार जास्त होते. मुंबईहून निघालेली लाइन मद्रासच्या आणि कलकत्त्याच्या दिशेने न्यायची होती. वाटेतल्या प्रत्येक बाजारपेठेला शिवायचं म्हणजे वळणं वाढणार, पूल वाढणार, खर्च वाढणार. मग लाइन सोयीच्या सपाटीवरून पुढे निघायची आणि बाजूला राहिलेल्या मोठ्या गावासाठी त्यातल्या त्यात जवळ एक स्थानक दिलं जायचं. नाशिक रोड असंच जन्मलं. जुन्या नाशिकपासून ते आठ-नऊ किलोमीटरवर होतं आणि मधलं अंतर तोडायला एकेकाळी घोड्यांची ट्राम धावायची. डहाणू रोड आणि वसई रोड ही नावं पश्चिमेच्या लाइनवर त्याच न्यायाने पडली.

या पद्धतीचं सगळ्यात सुरेख उदाहरण मात्र आज नकाशावर सापडत नाही. ते म्हणजे बार्शी रोड.

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली लाइन १८५९ साली दिक्सळच्या पुढे सरकली आणि जिथे येऊन थांबली त्या स्थानकाला बार्शी रोड हे नाव मिळालं. पुढच्याच वर्षी ती सोलापूरला पोचली. बार्शी तेव्हा कापूस आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ होती. बालाघाटच्या डोंगरापलीकडून, निजामाच्या मुलखातून, माल बार्शीत उतरायचा आणि तिथून मुंबईला जायचा. रेल्वे आली ती या पेठेपासून सुमारे ३५ किलोमीटरवरून. व्यापाऱ्यांच्या बैलगाड्या तेवढी मजल मारून बार्शी रोडला यायच्या आणि माल वाघिणींत चढायचा. ‘रोड’ या शब्दात ही बैलगाडीची मजल भरलेली होती. हे नाव देणाऱ्याला गाडी ज्या जमिनीवर उभी आहे तिथल्या वस्तीशी कर्तव्य नव्हतं. माल कुठून येणार, एवढंच त्याला सांगायचं होतं.

पुढे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने हे अंतर रुळांनी जोडायचं मनावर घेतलं. त्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे मोठ्या लाइनच्या निम्म्याहूनही कमी. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्याने आधी ठरवलं आणि इंजिनं, डबे, वाघिणी सगळं त्या हिशेबाने घडवलं. रूळ हलके, पूल हलके, म्हणून खर्चही कमी. ही छोटी गाडी बार्शी रोडवरून सुटायची. मग दुसऱ्या टोकाच्या, खुद्द बार्शीतल्या स्थानकाचं नाव काय ठेवायचं? बार्शी रोड तर आधीच होतं, नुसतं बार्शी म्हटलं की गोंधळ. म्हणून ते झालं बार्शी टाउन. म्हणजे एकाच गावाच्या नावाची दोन स्थानकं झाली. एक गावाच्या वाटेवरचं, दुसरं गावातलं.

मग बार्शी रोडचं काम वाढलं. छोटी लाइन १९०६ मध्ये दुसऱ्या बाजूला पंढरपूरपर्यंत गेली, १९११ मध्ये बार्शीच्या पुढे लातूरला आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेला पोचली. आता या स्थानकावर मुंबई-सोलापूरची मोठी लाइन आडवी होती आणि छोटी लाइन दोन्ही अंगांना फुटलेली. आषाढीच्या वाऱ्या इथे गाडी बदलू लागल्या. लातूरचा माल छोट्या वाघिणीतून उतरवून हमाल तो मोठ्या वाघिणीत भरू लागले. रुळांची रुंदीच वेगळी असल्यामुळे वाघीण या लाइनवरून त्या लाइनवर जाऊच शकत नव्हती. पंढरपूरचा वारकरी आणि लातूरचा अडत्या या दोघांनाही ज्या ठिकाणी गाडी बदलायची, त्याला बार्शीचा रस्ता म्हणणं आता अपुरं होतं. भोवती वस्ती वाढली, कारखाना आला. शेवटी त्या जागेने स्वतःचं नाव लावलं: कुर्डुवाडी जंक्शन. लाइन पुढे ब्रॉडगेज झाली, हमालांचं ते चढवणं-उतरवणं संपलं. बार्शीच्या स्थानकाचं नाव मात्र अजून ‘बार्शी टाउन’ आहे. तिकिटावर BTW हा संकेत येतो तो त्यातूनच. हे ‘टाउन’ कशासाठी, असा प्रश्न नवख्याला पडतो, कारण ज्या ‘रोड’पासून वेगळं ओळखू यावं म्हणून ते लावलं ते रोड नावातून कधीच गेलं.

रोडवर किती विसंबायचं? गावात गाडी जात नव्हती, एवढंच हा शब्द खात्रीने सांगतो, आणि तेही नाव पडलं त्या काळापुरतं. वसई रोडभोवती आज इतकं शहर उभं आहे की तिथल्या मुलांना ‘वाटेवरचं स्थानक’ ही कल्पनाही पटायची नाही. उलट रत्नागिरीचं स्थानक कुवारबावला आहे, बाजारात यायला रिक्षा करावीच लागते, पण पाटीवर रोड नाही. नव्वदच्या दशकात कोकण रेल्वेने मात्र जुनी रीत पुन्हा पाळली. खाड्या टाळत डोंगराच्या अंगाने लाइन गेली आणि सावंतवाडी रोड, राजापूर रोड अशी नावं आली. राजापूर रोडला रात्री उतरणाऱ्याने पुढच्या गाडीची सोय आधी करून ठेवलेली बरी.

आणि मुंबईतला रोड तो हा नव्हे. ग्रँट रोड म्हणजे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा रस्ता, सँडहर्स्ट रोड म्हणजे लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या नावाचा. तिथे स्थानक रस्त्यालाच लागून आहे आणि नाव त्या रस्त्याचं आहे. पुढे कुठलं गाव नाही.

जंक्शनबद्दल लोकांचा एक पक्का समज असतो की मोठं स्थानक म्हणजे जंक्शन. तसं नाही. जिथून निदान तीन दिशांना लाइन जाते ते जंक्शन, मग ते कितीही लहान असो. विदर्भातलं जलंब हे चिमुकलं स्थानक जंक्शन आहे, कारण तेरा किलोमीटरवरच्या खामगावची लाइन तिथून निघते. अमरावती जिल्ह्याचं ठिकाण, पण जंक्शन बडनेरा. विजापूरची लाइन सोलापुरात नाही, पुढे होटगीला फुटते, म्हणून जंक्शन होटगी.

प्रवाशासाठी जंक्शनचा खरा अर्थ रुळांच्या आकारात असतो. दौंडचं पाहा. पुण्याहून आलेली लाइन सरळ सोलापूरला जाते आणि मनमाडची लाइन तिला अशी मिळते की पुण्याहून मनमाडकडे जायचं तर गाडी उलट्या तोंडाने काढावी लागते. इंजिन सोडायचं, मागच्या टोकाला नेऊन जोडायचं, ब्रेक तपासायचे. तोवर प्रवासी चहा पिऊन येतात आणि परत आल्यावर आपली बसायची दिशा बदललेली पाहून गोंधळतात. हा वेळ वाचवायला रेल्वेने दोन लाइनींना थेट जोडणारा तुकडा टाकला आणि त्यावर स्वतंत्र स्थानक केलं: दौंड कॉर्ड लाइन. काही गाड्या आता तिथेच थांबतात, दौंड जंक्शनला येतच नाहीत. तिकिटावर DD लिहिलंय की DDCC, हे घरून निघतानाच पाहावं. नाहीतर माणूस जंक्शनच्या फलाटावर वाट पाहत राहायचा आणि गाडी बाजूने निघून जायची.

टर्मिनस म्हणजे लाइनचं टोक. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला रूळ संपतात, पुढे बफर आणि त्यापुढे माणसांची गर्दी. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरही मिरजेकडून आलेली लाइन थांबते. पण हा शब्द अलीकडे सैल झाला आहे. पाटण्याच्या राजेंद्रनगर टर्मिनलवरून मुख्य लाइन खुशाल पुढे जाते. टोक असतं ते गाड्यांचं, रुळांचं नव्हे. मोठ्या स्थानकावरची गर्दी हलवायला काही गाड्या तिथून सोडतात. पुण्याचा भार कमी करायला हडपसरहून गाड्या सुटतात, त्यामागेही हाच विचार आहे. उलट मुंबई सेंट्रल १९३० पासून लांब पल्ल्याच्या गाड्यांचं टोक आहे आणि नावात टर्मिनस नाही.

मुंबईत या शब्दाने बाहेरगावच्या माणसाची फसगत होते ती वांद्र्याला. वांद्रे टर्मिनस आणि लोकलचं वांद्रे ही दोन वेगळी स्थानकं आहेत. सामान घेऊन लोकलने टर्मिनस गाठायचं असेल तर खार रोडला उतरून पादचारी पुलाने जाणं सोयीचं.

कॅन्टोन्मेंट म्हणजे छावणी. उत्तरेत आग्रा, अंबाला, जालंधर, दिल्ली इथे हा शब्द शहराच्या स्थानकापासून छावणीचं स्थानक वेगळं करतो. बंगळुरूत तर पहिली गाडी १८६४ मध्ये छावणीत आली, शहराच्या स्थानकाची पाळी नंतर. सैन्य हलवणं हे रेल्वेचं किती निकडीचं काम होतं ते यावरून कळतं. आपल्याकडे देवळाली, खडकी, कामठी ही जुन्या छावण्यांची गावं, पण स्थानकांना हा शब्द लागला नाही. दुसरं स्थानकच नव्हतं तर वेगळं कशापासून ओळखायचं? पुणे स्थानक तर पेठा आणि कॅम्प यांच्या मध्येच पडलं.

कोल्हापूर-वैभववाडी ही लाइन मंजूर होऊन बरीच वर्षं झाली. ती घाटातून खाली उतरली तर कोकण रेल्वेच्या वैभववाडी रोडवरून तिसऱ्या दिशेला गाडी निघेल आणि नियमाने ते जंक्शन होईल. तेव्हा पाटीवर रोड राहील की जाईल, याचं उत्तर एकच नाही. कुर्डुवाडीने ते नाव सोडलं, आणि दिवा-पनवेलची लाइन येऊन मिळाली तरी वसईने ते ठेवलं.