मावशींचा रिचार्ज आणि पोस्टरवरची बारीक अक्षरं

‘२९९ रुपये. २८ दिवस. रोज १.५ जीबी. अनलिमिटेड कॉल. रोज १०० एसएमएस.’ मोबाइलच्या दुकानाबाहेर लागणाऱ्या पोस्टरवर एवढा मजकूर लांबूनही दिसतो. खाली एक फुलीसारखी खूण असते आणि त्या खुणेची ओळ इतक्या बारीक इंग्रजीत की काचेला नाक लावावं. कराडजवळच्या एका गावात राहणाऱ्या मावशींनी अशाच एका पोस्टरचा फोटो पुण्यातल्या भाचीला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि विचारलं, “अगं, यात नेमकं काय लिहिलंय ते मला मराठीत सांग. दर वेळी दुकानदार सांगतो ते मी ऐकते, पण रात्री व्हिडिओ अडकतोच.”

भाचीने आधी ओळीला ओळ मराठी करून पाठवली. ‘वैधता २८ दिवस, दैनंदिन डेटा मर्यादा १.५ जीबी, मर्यादेनंतर वेग ६४ केबीपीएस.’ मावशींचा फोन आला: “आणि याचा अर्थ काय?” प्रश्न रास्त होता. शब्द मराठी झाले तरी हिशेब कंपनीचाच होता. मग भाचीने पोस्टर बाजूला ठेवून मावशींच्या दिवसातून सुरुवात केली.

सुरुवात २८ दिवसांपासून. मावशी त्याला ‘महिन्याचा रिचार्ज’ म्हणत होत्या. बहुतेक प्लॅनमध्ये रिचार्ज केलेला दिवस पहिला धरला जातो. म्हणजे ३ तारखेला संध्याकाळी पैसे भरले, तर शेवटचा दिवस ३० तारखेचा आणि त्या रात्री बाराला मुदत संपली. पुढचा रिचार्ज त्याहून आधीच्या तारखेला, त्याच्या पुढचा आणखी आधी. वर्षाचे १२ रिचार्ज होतील असं वाटतं, प्रत्यक्षात १३ होतात. २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये, १२ रिचार्जच्या हिशेबापेक्षा बरोबर २९९ ज्यादा. ग्राहकांची ही तक्रार दूरसंचार नियामक प्राधिकरणापर्यंत, म्हणजे ट्रायपर्यंत गेली. जानेवारी २०२२मध्ये ट्रायने आदेश काढला की प्रत्येक कंपनीकडे निदान काही प्लॅन ३० दिवसांचे आणि काही दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने भरता येणारे असलेच पाहिजेत. दुकानाबाहेरच्या पोस्टरवर मात्र अजूनही २८ दिवसच मोठे झळकतात. तारीख पक्की हवी असेल तर ‘दर महिन्याला त्याच तारखेचा प्लॅन द्या’ असं तोंडाने मागावं लागतं.

याच मापाचा ८४ दिवसांचा प्लॅन ७९९ला असेल तर दिवसाला साधारण साडेनऊ रुपये पडतात. २९९च्या प्लॅनमध्ये पावणेअकरा. पोस्टरवर किंमत मोठी दिसते, पण तुलना करायची ती किमतीला दिवसांनी भागून.

मावशींचा खरा त्रास मात्र दुसऱ्या ओळीत होता. रोज १.५ जीबी म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी. पण हे ४२ जीबी कसेही वापरायला मिळत नाहीत. मंगळवारी शेतात असताना जेमतेम वापरलं, म्हणून उरलेलं रविवारी मिळेल असं बहुतेक प्लॅनमध्ये नसतं. रात्री बाराला मोजणी शून्यावर येते आणि उरलेलं गेलं. व्हिडिओ ४८० पी या मध्यम दर्जावर पाहिला तर तासाला साधारण पाचशे ते सातशे एमबी लागतात, म्हणजे १.५ जीबीत दोन-अडीच तास निघतात. तोच व्हिडिओ एचडीवर लावला की तासा-सव्वातासात खेळ आटोपतो. मावशी रात्री जेवण झाल्यावर कीर्तनं ऐकतात, तेव्हाच तो अडकायचा.

आणि इथे ती बारीक ओळ लागू होते. मर्यादा संपल्यावर इंटरनेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. लिहिलेला मेसेज सहज जातो, पण तीन एमबीचा एक फोटो यायला सहा मिनिटांवर वेळ लागतो आणि १६ एमबीची छोटी क्लिप अर्ध्या तासाहून जास्त. व्हिडिओ तर फिरतच राहतो. पोस्टरवर ‘त्यानंतर अनलिमिटेड ६४ केबीपीएस’ असं लिहिलेलं असतं, ते खोटं नाही. पण त्या वेगात मावशींच्या कामाचं फारसं काही होत नाही, हे तिथे लिहिलेलं नसतं.

मग हा अडथळा नेटवर्कचा की मर्यादेचा, हे ओळखायचं कसं? भाचीने मेसेजची यादी उघडायला सांगितली. ‘आजचा ५० टक्के डेटा वापरला’, ‘९० टक्के वापरला’ असे कंपनीचे मेसेज तिथे रोज पडलेले होते, इंग्रजीत, म्हणून न वाचलेले. दुसरी खूण अशी की मर्यादा संपली असेल तर साधा मेसेज जातो, व्हिडिओ अडकतो आणि रात्री बारानंतर सगळं आपोआप सुरळीत होतं. नेटवर्क गेलं असेल तर मेसेजही लटकतो आणि बारा वाजल्याने काही फरक पडत नाही.

मावशी दिवसा फोन फारसा हातात घेत नाहीत, तरी संध्याकाळपर्यंत एक जीबी कसा संपतो? व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’खाली उत्तर मिळालं. मोबाइल डेटा चालू असताना फोटो, ऑडिओ, व्हिडिओ सगळं आपोआप उतरवायची परवानगी होती, आणि भजनी मंडळ, माहेरचे लोक आणि बचत गट अशा तीन ग्रुपवरचे सकाळचे व्हिडिओ न पाहताच फोनमध्ये येऊन पडत होते. भर म्हणून अॅपचे अपडेटही मोबाइल डेटावरच होत होते. दोन्ही बंद केलं, व्हिडिओचा दर्जा ४८० पीवर आणला. दुकानदाराने सुचवलेला जास्त डेटाचा महागडा प्लॅन घ्यावा लागला नाही. जादा डेटाच्या छोट्या व्हाउचरबद्दलही भाचीने एक गोष्ट सांगून ठेवली: ‘मूळ प्लॅन चालू असेल तरच’ ही अट त्याला असते आणि काहींची मुदत एकाच दिवसाची असते.

काकांचा प्रश्न वेगळाच निघाला. त्यांच्याकडे बटणांचा फोन, डेटाशी संबंध नाही, पण बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. तेही इतके दिवस डेटाचाच प्लॅन भरत होते. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅन ठेवणं बंधनकारक केलं, आणि अशा खास व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. काकांना तोच सोयीचा. मात्र या प्लॅनमध्ये एसएमएस रोजचे न मोजता पूर्ण मुदतीचे मिळून ठरावीक असू शकतात, तो आकडा आधी वाचायचा.

नंबर हातचा जाऊ नये म्हणून काकांना दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. ट्रायच्या नियमाप्रमाणे काहीच वापर नसलेला प्रीपेड नंबर ९० दिवसांच्या आत बंद करता येत नाही, आणि खात्यात निदान २० रुपये शिल्लक असतील तर त्यानंतरही तो लगेच काढून घेता येत नाही. पण ही शिल्लक म्हणजे मुख्य बॅलन्स. प्लॅनसाठी भरलेले पैसे त्यात जमा होत नाहीत, त्यासाठी टॉपअप वेगळा करावा लागतो. शिवाय प्लॅन संपल्यावर नंबर शाबूत असला तरी कॉल करता येत नाही, आणि येणारे कॉल किंवा ओटीपी किती दिवस चालू राहतील हे कंपनीगणिक बदलतं. म्हणून भाचीने काकांच्या बँक पासबुकाच्या आतल्या बाजूला प्लॅन संपण्याची तारीख, मुख्य बॅलन्समधले निदान २० रुपये आणि तक्रारीसाठीचा १९८ हा क्रमांक लिहून ठेवायला सांगितलं. तक्रार नोंदवली की मिळणारा डॉकेट नंबरही तिथेच लिहायचा, कारण तक्रार वरच्या अपील अधिकाऱ्याकडे न्यायची वेळ आली तर तो लागतो.